अल्बमला धागा हवा, पण कुठला?

हौशी बँडकडे सहा-सात स्वतःची गाणी जमली की कुणीतरी म्हणतं, आता अल्बम करू, आणि नुसती गाणी एकामागून एक लावण्यापेक्षा सगळ्यांना मिळून एक विषय देऊ. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. पुढच्या दोन प्रॅक्टिस मात्र गाण्यांऐवजी गोष्ट रचण्यात जातात. नायक कोण, तो शहरात का आला, त्याचं प्रेम का तुटलं, शेवटी तो काय करतो, यावर चर्चा होते आणि गाणी त्या गोष्टीत बसवायला सुरुवात होते. मला बँडच्या मंडळींशी आधी बोलायचं आहे ते याच टप्प्यावर, कारण पहिल्या अल्बमसाठी सलग गोष्ट हा उपलब्ध धाग्यांपैकी सगळ्यात अवघड धागा आहे.

‘द हू’ या इंग्लिश बँडचा 1969चा ‘टॉमी’ हा अशा अल्बमचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना. लहानपणी एक खून पाहिल्यावर टॉमीचं पाहणं, ऐकणं, बोलणं बंद होतं. पुढे तो पिनबॉलचा खेळाडू म्हणून गाजतो आणि मग लोकांचा गुरू होतो. चोवीस तुकड्यांचा हा दुहेरी अल्बम आहे आणि त्यातलं संगीत आजही अंगावर येतं. पण नुसता अल्बम ऐकून कोणी कोणाला मारलं हे नीट कळत नाही. अल्बममधल्या कथेत परतलेला बाप आईच्या प्रियकराला मारतो. 1975च्या चित्रपटात नेमकं उलटं केलं, तिथे प्रियकर बापाला मारतो. कथेचा पाया असलेली घटना उलटी केली तरी बहुतेक गाणी तशीच चालली. गोष्ट गाण्यांमध्ये किती कमी मुरते, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. गाणं एक क्षण, एक भावना, एक माणूस फार चांगला पकडतं. ‘त्यानंतर काय झालं’ हे सांगणं त्याच्या स्वभावात नाही. ते सांगायला गेलं की ओळी निवेदनाच्या होतात आणि ध्रुवपदाला पुन्हा पुन्हा येण्याचं कारण उरत नाही.

मग ‘गीतरामायण’ कसं उभं राहिलं, असा प्रश्न मराठी माणसाला पडणारच. 1 एप्रिल 1955च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं आणि आठवड्याला एक या हिशेबाने पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली, सुधीर फडक्यांनी चाली दिलेली छप्पन्न गीतं झाली. ही सलग कथाच आहे. पण तिथे कथा सांगण्याचं ओझं गाण्यांवर नव्हतं, ती ऐकणाऱ्याच्या घरात आधीपासून होती. त्यामुळे प्रत्येक गीत थेट एका माणसाच्या तोंडी, एका क्षणात उभं राहतं. भरत कैकेयीला खडसावतो तेव्हा तो का चिडला आहे हे कोणाला सांगावं लागत नाही. जागा सगळी भावनेला मिळते. हौशी बँडने यातून घ्यायची गोष्ट हीच: धागा असा निवडा की त्याचा अर्धा भाग ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच असेल.

या कसोटीवर बाकीचे मार्ग पाहू.

सगळ्यात सोपा दिसणारा मार्ग म्हणजे एकच मनःस्थिती. फ्रँक सिनात्राने 1955मध्ये ‘इन द वी स्मॉल अवर्स’ केला, त्यात सगळी गाणी मध्यरात्रीनंतरच्या एकटेपणाची. आपल्याकडे 1998चा ‘गारवा’ पावसावर उभा होता. मिलिंद इंगळे यांच्या गाण्यांच्या आधी सौमित्र यांचे बोललेले शब्द यायचे आणि त्या बोलण्यामुळे सगळी गाणी एकाच खिडकीतून पाहिल्यासारखी वाटायची. मनःस्थिती ऐकणाऱ्याकडे आधीच असते, पाऊस कोणाला समजावून सांगावा लागत नाही. अडचण दुसरीकडे आहे. अनुभवी संगीतकार एकाच भावनेच्या दहा छटा काढू शकतो. नवा बँड मात्र चौथ्या गाण्यापर्यंत त्याच गतीत, त्याच तीन-चार कॉर्डमध्ये आणि गायकाच्या त्याच पट्टीत अडकतो. तुमच्या उदास गाण्यांचे डेमो एका रांगेत लावा आणि प्रत्येकाचा बीपीएम लिहून काढा. सगळे आकडे सत्तर ते पंच्याऐंशीच्या दरम्यान पडले, तर तुमच्याकडे अल्बमची कल्पना नाही, एकच गाणं निरनिराळ्या शब्दांत आहे.

दुसरा मार्ग नुसत्या चौकटीचा. ‘बीटल्स’चा 1967चा ‘सार्जंट पेपर’ हा एका काल्पनिक बँडचा कार्यक्रम आहे असं मानलं जातं. प्रत्यक्षात ती कल्पना पहिल्या दोन गाण्यांत आणि शेवटाआधी पुन्हा येणाऱ्या त्या बँडच्या गाण्यात आहे; मधल्या आपल्या गाण्यांचा तिच्याशी काही संबंध नाही, असं जॉन लेननने नंतर स्पष्ट सांगितलं. तरीही अल्बम एकसंध वाटतो, कारण सुरुवातीचं गाणं शेवटाजवळ पुन्हा येतं. ज्यांची गाणी आधीच तयार आहेत आणि बदलायची नाहीत, त्यांच्यासाठी हा प्रामाणिक उपाय आहे. पण त्याला चौकटच म्हणावं. पोस्टरवर मोठी संकल्पना जाहीर करून आत सुटी गाणी दिली, तर ऐकणारा सुटी गाणीही नाराजीने ऐकतो.

तिसरा मार्ग आवाजाच्या बंधनाचा, आणि पैसे कमी असलेल्या बँडने याचा फार गांभीर्याने विचार करावा. ‘मॅटमॉस’ या अमेरिकी जोडीने 2016मध्ये ‘अल्टिमेट केअर टू’ हा सबंध अल्बम घरातल्या कपडे धुण्याच्या मशीनच्या आवाजांतून केला. ब्यर्कने 2004मध्ये ‘मेडुला’ बहुतांशी माणसाच्या गळ्यातून निघणाऱ्या आवाजांवर उभारला. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ तर ठरवून झालाच नाही. जानेवारी 1982मध्ये त्याने न्यू जर्सीतल्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर गाणी टिपून ठेवली, हेतू बँडला शिकवण्याचा होता. बँडसोबत केलेल्या आवृत्त्यांत ती भीती आणि तो एकटेपणा येईना, म्हणून शेवटी ती कॅसेटच अल्बम म्हणून बाहेर आली. तिथे गाण्यांतली माणसं वेगवेगळी आहेत. त्यांना बांधतो तो खोलीचा आवाज, गिटार, माउथऑर्गन आणि टेपची खरखर. अशा बंधनाचा एक फायदा असा की ते समजावून सांगावं लागत नाही, ते ऐकूच येतं. मर्यादा ही की नुसतं बंधन ऐकणाऱ्याला कुतूहल देतं, आपुलकी देत नाही. कपडे धुण्याच्या मशीनबद्दल कोणाला रडू येत नाही.

म्हणून मला चौथा मार्ग, म्हणजे एक जागा आणि तिथली माणसं, हौशी बँडसाठी सगळ्यात भरवशाचा वाटतो. सुफियान स्टीव्हन्सने मिशिगन आणि इलिनॉय या राज्यांवर 2003 आणि 2005मध्ये एकेक अल्बम केला. पन्नासही राज्यांवर करणार अशी घोषणा होती, ती दोनवरच थांबली, आणि तरी दोन्ही अल्बम आपापल्या जागी पूर्ण आहेत. लंडनचा ‘पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग’ हा बँड 2017च्या ‘एव्हरी व्हॅली’साठी वेल्समधल्या जुन्या कोळसा खाणींच्या गावी गेला, तिथल्या लोकांशी बोलला आणि जुनी ध्वनिमुद्रणं गाण्यांत विणली. जागा निवडली की गोष्टीची सक्ती राहत नाही. प्रत्येक गाणं वेगळ्या माणसाचं असू शकतं, म्हणून गती आणि भाव बदलायला कारण मिळतं. आणि जागा ऐकणाऱ्याला ओळखीची असली, तर अर्धं काम त्याने आधीच केलेलं असतं.

मात्र ‘मुंबई’ किंवा ‘कोकण’ ही जागा नव्हे. ती इतकी मोठी आहे की तिच्यात कुठलंही गाणं बसतं, म्हणजे कुठलंच बसत नाही. जागा पायी दोन मिनिटांत ओलांडता येईल एवढी घ्यावी, आणि तिथे काहीतरी संपत किंवा सुरू होत असावं. एक उदाहरण शेवटापर्यंत नेऊन पाहू.

समजा डोंबिवलीतला पाच जणांचा बँड आहे: गायिका, इलेक्ट्रिक गिटार, साधी गिटार, बेस आणि ड्रम. गायिका पेटीही वाजवते. जागा म्हणून त्यांनी घेतली सत्तरच्या दशकातली तीन मजली, लिफ्ट नसलेली एक सोसायटी, जी पुनर्विकासाला गेली आहे. ठाणे-मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात हे ज्याने अनुभवलं किंवा शेजारी पाहिलं नाही असं घर क्वचितच असेल. सभा, संमतीपत्रं, विकासकाकडून मिळणारं भाडं, जागा रिकामी करण्याची तारीख, हे सगळं ऐकणाऱ्याला ठाऊक आहे. गाण्याला थेट माणसापाशी जाता येतं.

आठ गाणी, आठ दारं. पहिलं जिन्याखालच्या नोटीस बोर्डापाशी जमलेल्या सगळ्यांचं. दुसरं तिसऱ्या मजल्यावरच्या गुडघे दुखणाऱ्या काकांचं, ज्यांना लिफ्ट येणार म्हणून मनापासून आनंद झाला आहे. तिसरं भाडेकरूचं, त्याला यातून काहीच मिळणार नाही आणि जावं मात्र सगळ्यांत आधी लागणार आहे. चौथं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचं. पाचवं सामान आवरण्याचं आणि भंगारवाल्याचं. सहावं सही न करणाऱ्या आजींचं. सातवं वॉचमनचं. आठवं रिकाम्या इमारतीचं. विकासकाला खलनायक केलेलं नाही हे मुद्दाम. तसं केलं की आठही गाणी एकाच बाजूने बोलू लागतात, आणि काकांचा आनंद खोटा पडतो.

आता हा धागा नुसता शब्दांत राहिला तर काम अर्धवट आहे, तो वाजण्यात उतरला पाहिजे. माणसं एकेक करून इमारत सोडतात, तर वाद्यांनीही सोडावी. हायडनने 1772मध्ये आपल्या एका सिम्फनीच्या शेवटी वादकांना एकेक करून मेणबत्ती विझवून उठायला लावलं होतं, राजवाड्यात अडकलेल्या वादकांना घरी जायचं आहे हे धन्याला कळावं म्हणून. इथे तेच आठ गाण्यांवर पसरायचं. पहिल्या दोन गाण्यांत सगळी वाद्यं. भाडेकरूसोबत इलेक्ट्रिक गिटार जाते, म्हणजे तिसऱ्या गाण्यापासून ती नाही. चौथ्यात बाकीची तशीच. पाचव्यात ड्रम गेले, सहाव्यात बेस, सातव्यात साधी गिटार जाऊन पेटी आणि गळा उरतो. आठव्यात फक्त गळा, तोही खऱ्या रिकाम्या जिन्यात रेकॉर्ड केलेला. ऐकणाऱ्याला यातलं काही सांगायचं नाही. त्याला आपोआप मोकळं मोकळं वाटू लागतं, का ते नंतर कळतं.

दुसरा धागा दारावरच्या घंटीचा. ‘डिंग-डाँग’ घंटी साधारणपणे शुद्ध गंधारावरून षड्जावर उतरते. हे दोन स्वर प्रत्येक गाण्यात कुठेतरी ठेवायचे. पहिल्यात ते बेसच्या रिफमध्ये लपलेले, चौथ्यात मुलांच्या ओरडण्याच्या लयीत, सहाव्यात आजींच्या गाण्यात गंधार कोमल होतो आणि तीच घंटी दुखरी वाटते. सातव्यात पेटीवर अगदी उघडपणे. त्यासाठी आठही गाणी एकाच पट्टीत असण्याची गरज नाही, दोन स्वरांमधलं अंतर कानाला पुरतं. अशी खूण दोन-तीन स्वरांचीच हवी. आठ स्वरांची धून प्रत्येक गाण्यात कोंबली की ती जाहिरातीसारखी वाजते.

बिघाड कुठे होतो तेही या उदाहरणात दिसतं. पहिल्या मांडणीत उत्तरार्धातली चारही गाणी संथ येतील, कारण वाद्यं कमी झाली की हात आपोआप सैल पडतात. पाचव्या गाण्यानंतर ऐकणारा उठून जाईल. म्हणून ड्रम गेले त्याच पाचव्या गाण्याची गती सगळ्या अल्बममध्ये सर्वांत जास्त ठेवायची, साधारण 130च्या आसपास. ठेका टाळ्या, भांडी आणि खोक्यांवर धरायचा. आवराआवरीचं गाणं असल्यामुळे ते आवाज तिथे शोभतात. दुसरा बिघाड चौथ्या गाण्याचा. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचं गाणं गोड होईल, पण ते कुठल्याही अल्बममध्ये चालेल. अशा गाण्यासाठी माझी एक परीक्षा आहे: ते उचलून दुसऱ्या अल्बममध्ये ठेवलं तर काही हरवतं का? काहीच हरवत नसेल तर ते अजून या इमारतीत राहायला आलेलं नाही. इथे उपाय छोटा आहे. मुलं तिथला शेवटचा सामना खेळतायत आणि स्टंप म्हणून कोणीतरी टाकून दिलेली खुर्ची आहे, एवढं आलं की गाणं जागेवर बसतं. याच परीक्षेची दुसरी बाजूही बघावी. बाकीची सात ऐकल्याशिवाय एखादं गाणं कळतच नसेल, तर ते धाग्यात इतकं गुंतलंय की एकटं श्वास घेऊ शकत नाही. आज बहुतेक लोक गाणी सुटी आणि उलटसुलट क्रमाने ऐकतात, तेव्हा हा दोष महाग पडतो.

तिसरी अडचण बँडच्या आतली. इलेक्ट्रिक गिटारवाला आठपैकी दोनच गाण्यांत आहे. हे रेकॉर्डिंगच्या दिवशी कळलं तर बँड फुटतो, म्हणून कल्पना ठरताना त्याच्यासमोरच बोलावं. बाहेर पडलेल्याला काम द्यावं: जिन्यातले आवाज टिपणं, मिक्सिंग, रंगमंचावर भांडी वाजवणं. प्रत्यक्ष कार्यक्रमात वादक एकेक करून खरोखर उठून गेले, तर तो प्रेक्षकांसाठी अल्बमचा सगळ्यात लक्षात राहणारा भाग होईल.

आणि कार्यक्रम आधी, रेकॉर्डिंग नंतर. ‘पिंक फ्लॉइड’ने ‘द डार्क साइड ऑफ द मून’ जानेवारी 1972पासून लोकांसमोर वाजवायला सुरुवात केली. अल्बम आला मार्च 1973मध्ये. त्या काळात गाणी बदलली, काही भाग पार नव्याने झाले. त्यांचा धागाही गोष्टीचा नव्हता. वेळ, पैसा, मृत्यू, वेड अशा माणसाला दाबणाऱ्या गोष्टींची ती मालिका आहे, सुरुवातीला आणि शेवटी हृदयाचा ठोका आहे, आणि मध्ये येणारे बोललेले आवाज रॉजर वॉटर्सने कार्डांवर लिहिलेल्या प्रश्नांना मिळालेली उत्तरं आहेत. स्टुडिओचा दारवान आणि बँडचे मदतनीस त्यात ऐकू येतात. पॉल मॅकार्टनीलाही विचारलं होतं, पण त्याची उत्तरं फार सावध होती, ती घेतली नाहीत. हौशी बँडला हे सहज करता येतं. आपल्या सोसायटीच्या उदाहरणात रहिवाशांना एकच प्रश्न विचारावा, ‘या घरातली कुठली गोष्ट नव्या घरात नेता येणार नाही?’ आणि फोनवर उत्तरं टिपावीत. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, पंखा बंद, खिडकी लावलेली. टिपण्याआधीच हा आवाज अल्बममध्ये वापरणार हे सांगून लेखी होकार घ्यावा, आणि नंतर तो तुकडा त्या माणसाला ऐकवावा. वर्तमानपत्राच्या भाषेत बोलणारी उत्तरं वगळावीत. हिंदी सिनेमातले संवाद किंवा बातम्यांचे तुकडे चिकटवू नयेत. त्यांचे हक्क दुसऱ्याचे असतात आणि अल्बम साइटवरून काढला जाऊ शकतो.

ही बोललेली उत्तरं गाण्यांच्या मध्ये वेगळे ट्रॅक म्हणून ठेवू नयेत. वीस सेकंदांचा तुकडा सुटा ट्रॅक झाला की लोक तो ओलांडून जातात. तो आधीच्या गाण्याच्या शेवटाला जोडावा, म्हणजे पुढचं गाणं सुटं लावणाऱ्याला ते थेट स्वरापासून मिळतं. दोन गाणी एकमेकांत मिसळणार असतील तर दोन्ही एकाच प्रोजेक्टमध्ये सलग मिक्स करून मग कापावीत, आणि कापताना लहरीची रेषा शून्यावर असेल तिथेच कात्री लावावी, नाहीतर गाणं सुटं लावल्यावर कापलेल्या जागी टिक असा आवाज येतो. वितरकाकडे फाइल वॅव्ह स्वरूपातच द्यावी. एमपीथ्री करताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी अगदी थोडी शांतता भरली जाते आणि सलग वाटायला हवं तिथे उचकी लागते. मिसळण्यासाठी दोन जागा पुरेत. इथे सातव्याचा शेवट आणि आठव्याची सुरुवात ही एक नक्की, कारण पेटीचा भाता थांबतो आणि त्याच षड्जावर गळा सुरू होतो.

लांबी पस्तीस मिनिटांच्या आत ठेवावी. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावायची, म्हणून त्या काळचे अल्बम चाळिशीत संपायचे, आणि ‘डार्क साइड’ही साधारण त्रेचाळीस मिनिटांचाच आहे. आता तांत्रिक मर्यादा नाही, पण एकाच जागेत बसून लक्ष देऊन ऐकण्याची माणसाची ताकद वाढलेली नाही. नव्या बँडला तर त्याहून कमी वेळ मिळतो.

शेवटची तपासणी रेकॉर्डिंगला पैसे घालण्याआधीची. तिसरं, पाचवं आणि सहावं गाणं प्रॅक्टिसच्या खोलीत फोनवर टिपा आणि बँडबाहेरच्या कोणाला, काहीही न सांगता, ऐकवा. शीर्षकंही सांगू नका. मग विचारा, ही गाणी कुठे घडतात आणि कोण बोलतंय. ‘कुठल्यातरी जुन्या बिल्डिंगमध्ये’ एवढं उत्तर आलं तरी पुरे. पुनर्विकास ओळखला नाही तरी हरकत नाही. ‘प्रेमाविषयी आहेत का?’ असा प्रश्न उलटा आला तर शब्द पुन्हा लिहायला घ्या, आणि लिहिताना भावनेची विशेषणं काढून वस्तू आणा: मीटरबॉक्स, वाळत घातलेल्या साड्या, टाकीचं ओव्हरफ्लो होणारं पाणी. सगळं जमलं की सुटं गाणं म्हणून आधी पाचवं बाहेर काढा. ते वेगवान आहे, एकटं उभं राहतं आणि भांड्यांच्या ठेक्यामुळे पहिल्या दहा सेकंदांत ओळखू येतं. आठवं कधीही एकटं काढू नका. आधीच्या सात गाण्यांतली वाद्यं ऐकल्याशिवाय त्यातली त्यांची अनुपस्थिती ऐकू येत नाही.